गोणीवरचं लेबल वाचून गाईला पेंड किती घालायची?

हिशेबाआधी पेंडीच्या गोणीवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. त्यात आकड्यांसोबत ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे शब्दही आले पाहिजेत. प्रथिनं किमान 20 टक्के म्हणजे त्याहून कमी चालणार नाहीत, ओलावा कमाल 11 टक्के म्हणजे त्याहून जास्त चालणार नाही. तारखेचा शिक्का बहुतेक वेळा शिवणीजवळ असतो, त्याचा फोटो वेगळा काढा.

20 टक्के म्हणजे 50 किलोच्या गोणीत 10 किलो प्रथिनं. पण हा आकडा खाद्यातला नायट्रोजन मोजून काढतात, म्हणून युरिया घातला असेल तर तोही प्रथिनांत धरला जातो. प्रथिनांचा आकडा पाहिला की लगेच युरियाची ओळ शोधा. युरिया असलेली पेंड सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात घालू नका.

आता खरी गडबड होते ती मात्रेत. लेबलवर साधारण असं लिहिलेलं असतं: शरीर पोषणासाठी 2 किलो, शिवाय गाईला दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम, म्हशीला 500. बारा लिटरच्या गाईचा हिशेब करू. 12 गुणिले 400 ग्रॅम म्हणजे 4.8 किलो, त्यात 2 मिळवले की 6.8 किलो. हे दिवसाचं झालं, एका वेळचं नाही. सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं करा.

या 6.8 किलोत सगळा खुराक आला. “गोळी पेंड लेबलप्रमाणे घाला आणि वर दोन किलो सरकी द्या, दूध वाढेल” हा सल्ला गोठ्यागोठ्यांत ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. सरकी पेंड किंवा मक्याचा भरडा देत असाल तर गोळी पेंड निदान तेवढी कमी करा. इथे दोन किलो सरकी असेल तर गोळी 4.8 किलोच. खुराक जास्त झाला आणि वैरण कमी पडली की पोटात आम्लता वाढते: रवंथ कमी होतं, शेण पातळ होऊन त्याला आंबूस वास येतो, दुधाची फॅट उतरते. फॅट उतरली म्हणून आणखी पेंड वाढवली, तर जनावर वैरणच सोडतं.

मोजायला डबा वापरत असाल तर त्यात मावणारी पेंड एकदा काट्यावर वजन करून घ्या. त्याच डब्यात गोळी आणि भरडा सारख्या वजनाचे भरत नाहीत. नवीन कंपनीची गोणी आणली तर जुन्या पेंडीत मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करा.

साठवण सोपी आहे: गोणी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, ओल येणार नाही अशी. पावसाळ्यात मात्र गोणी उघडली की आत हात घालून बघा. बुरशीची ढेकळं लागली तर ती पेंड उन्हात वाळवून घालू नका. वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही, ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं.