‘नेमकं काय होतंय?’ दुसऱ्यांदा विचारू नका: इन्व्हर्टरच्या तक्रारीत होणाऱ्या चुका

इंदूरमध्ये पहिल्या पावसाबरोबर लाइट जायला लागली की इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रारींची रीघ लागते. सुदामा नगर किंवा लोकमान्य नगरमधून एखाद्या काकूंचा मेसेज येतो: ‘भैया, इन्व्हर्टर काम नाही करत आहे.’ तुम्ही विचारता, ‘काकू, नेमकं काय होतंय?’ उत्तर येतं: ‘कधी चालतो, कधी बंद. आता लाइट आहे म्हणून चालू आहे.’

इथे हात आपोआप तोच प्रश्न टाइप करतो: ‘म्हणजे नेमकं काय होतं, नीट सांगा ना.’ सगळ्यात महाग चूक हीच. काकूंनी त्यांना दिसलं ते सांगून झालेलं आहे. त्यातलं कामाचं कोणतं, हे त्यांना ठाऊक नाही, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तरी ते कळणार नाही. मग त्या अंदाज पाठवायला लागतात, ‘बॅटरीच गेली असेल’, ‘मागच्या मिस्त्रीने काहीतरी केलं’, नाहीतर ‘तुम्ही येऊनच बघा’. यातल्या अंदाजांवर विसंबलात तर चांगल्या बॅटरीच्या जागी नवी बॅटरी घेऊन जाल.

दुसरा मेसेज अस्पष्ट असला तरी रिकामा नसतो, त्यामुळे पुढचा प्रश्न लिहिण्याआधी त्यात काय आहे ते काढून घ्या. ‘लाइट आहे म्हणून चालू आहे’ याचा अर्थ मेनची वीज इन्व्हर्टरमधून घरात पोचते आहे, म्हणजे आउटपुटची वायरिंग ठीक दिसते. दोष दिसतो तो फक्त बॅटरीवर चालताना. ‘कधी चालतो’ याचा अर्थ बॅटरीवर जाणं अजून जमतं, म्हणजे बॅटरीकडचा फ्यूज उडालेला नाही आणि रिले पूर्ण गेलेला नाही. उरल्या तीन मुख्य शक्यता: बॅटरी कमजोर झाली आहे, लोड जास्त होतो आहे, किंवा बॅटरीचं टर्मिनल सैल आहे किंवा त्यावर क्षार जमले आहेत. एका ओळीच्या मेसेजमधून एवढं हाती आलं, आणि आता पुढचा प्रश्न या तिघांना वेगळं करणारा हवा.

तो असा लिहिता येतो:

‘काकू, तुमच्या मेसेजवरून एक कळलं, लाइट असताना सगळं बरोबर चालतं. लाइट गेल्यावर काय होतं, फक्त आकडा पाठवा.
१. लगेच अंधार होतो.
२. थोडा वेळ चालून बंद पडतो.
३. बीप-बीप करतो, बंद होतो, परत आपोआप चालू होतो.
४. लक्षात नाही.’

पहिलं वाक्य गाळू नका. आधीचं बोलणं वाया गेलं नाही हे त्यानेच समजतं आणि पुढचं उत्तर मोकळेपणाने येतं. आकडे देण्याचं कारण साधं आहे: ‘लगेच बंद होतो की थोड्या वेळाने?’ असं विचारलं की हमखास ‘हो’ येतं. चौथा पर्यायही हवाच, नाहीतर माणूस काहीतरी निवडायचं म्हणून निवडतो आणि तुम्ही चुकीच्या वाटेला लागता. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी भरलं, घरात किती पंखे, हे प्रश्न याच मेसेजमध्ये कोंबू नका. पाच प्रश्नांना एक उत्तर येतं आणि ते कशाचं हे कळत नाही.

आता समजा उत्तर आलं: ‘२. पण १ पण होतं.’ पुन्हा गोंधळ वाटतो, पण खरं तर हे चांगलं उत्तर आहे. कधी लगेच आणि कधी उशिरा, म्हणजे काहीतरी बदलतं आहे, आणि घरात सगळ्यात जास्त बदलतो तो लोड. आता शब्दांत विचारणं थांबवा आणि करून बघायला सांगा. हे दिवसा, काकूंना सवड असेल तेव्हा. त्या वेळी कॉम्प्युटर बंद हवा, आणि घरात कुणी ऑक्सिजनच्या किंवा तशा मशीनवर असेल तर ही चाचणी करायचीच नाही.

फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यांचे स्विच बंद करायला सांगा. एक पंखा आणि एक एलईडी ट्यूब चालू ठेवायची. मग इन्व्हर्टरला येणारा मेनचा स्विच बंद करून घड्याळ बघायचं, १५ मिनिटं.

एवढ्याशा लोडवर १५ मिनिटं काहीच झालं नाही, तर लोडवरच संशय घ्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालतानापेक्षा कितीतरी पट करंट ओढतो. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर तो सुरू झाला की लगेच अंधार होतो आणि बंद असला की सगळं ठीक चालतं. ‘१ पण, २ पण’ याचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो. पाच-दहा मिनिटांत बंद पडला तर बॅटरी किंवा तिचं चार्जिंग. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी शंभर वॉटच्या आसपासच्या लोडवर तासन्‌तास चालायला हवी, जुनी झाली तरी मिनिटांवर येता कामा नये. स्विच पाडताक्षणी अंधार झाला तर टर्मिनल बघायचं, किंवा बॅटरीतला एखादा सेल गेला आहे का ते. त्यासाठी लांबून काढलेला बॅटरीचा फोटो मागा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर तिला हात लावू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहा. बूच उघडायला तर कधीच सांगू नका, आत ॲसिड आहे.

धीर धरायचा म्हणजे काय, हेही ठरवून ठेवलेलं बरं. उत्तर आलं नाही म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नका. काकू कदाचित स्टूल घेऊन इन्व्हर्टरचा डिस्प्ले वाचत असतील. दोन वेगवेगळ्या प्रश्नांनंतरही चित्र स्पष्ट झालं नाही तर तिसरा लिहू नका, फोन लावा आणि लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरजवळ उभं राहून बोलायला सांगा. बीपचा आवाज फोनवर ऐकू येतो, मेसेजमध्ये येत नाही.

एका बाबतीत मात्र प्रश्न विचारायचाच नाही. मेसेजमध्ये जळल्याचा वास, फुगलेली बॅटरी, सांडलेलं ॲसिड किंवा हात लावता येणार नाही इतकी गरम बॅटरी असा उल्लेख असला, कितीही अस्पष्ट असला, तरी लगेच लिहा: इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद करा, मग त्याचा मेनचा स्विच बंद करा, खिडक्या उघडा, जवळ काडी ओढू नका, आम्ही निघालो.

घरी जावं लागलं तर तक्रारीच्या कागदावर ‘इन्व्हर्टर खराब’ असं लिहू नका. ‘मेनवर ठीक. बॅटरीवर कधी लगेच, कधी उशिरा बंद. फ्रिज बंद ठेवून एक पंखा, एक ट्यूब: १५ मिनिटं चालला’ असं लिहा. जाणारा कारागीर मग बॅटरी खांद्यावर न घेता हायड्रोमीटर आणि क्लॅम्प मीटर घेऊन निघतो, आणि पोचल्यावर काकूंना पहिल्यापासून सगळं विचारत बसत नाही.