जर्मन नोकरीच्या जाहिरातीचा फोटो आला, तर तो मराठीत कसा उतरवावा

शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर काम करणारा एक मुलगा मागच्या महिन्यात माझ्याकडे आला. आयटीआय टर्नर, नंतर चार वर्षं काम. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एका जर्मन जाहिरातीचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होता. अ‍ॅपने त्याचं मराठी केलं होतं ते असं: 'पूर्ण झालेले शिक्षण, अनेक वर्षांचा अनुभव, तंत्रज्ञ किंवा मास्टर फायदेशीर, पगार ३.४ युरो.' तो म्हणाला, "सर, शिक्षण तर पूर्ण झालंय माझं. पण तीन युरोत काय करायचं तिथं?"

चूक अ‍ॅपची होती, तशी फोटोचीही होती. म्हणून सुरुवात फोटोपासूनच करायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याला सांगा की तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. खालची ओळ कापली गेलेली नाही ना, हेही बघा. अर्जाची शेवटची तारीख आणि भाषेची अट बऱ्याचदा तिथंच असते. जाहिरात दोन रकान्यांत असेल तर दोन्ही रकाने वेगळे कापून घ्या, नाहीतर अ‍ॅप डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जोडतं.

मग भाषांतराला हात लावण्याआधी मूळ मजकूर टाइप करून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या चुका इथेच पकडल्या जातात. त्या जाहिरातीतला कामाचा भाग असा निघाला:

```
Abgeschlossene Berufsausbildung als
Zerspanungsmechaniker (m/w/d) oder
vergleichbare Qualifikation
Mehrjährige Berufserfahrung
Techniker oder Meister von Vorteil
Deutsch mindestens B1
3.400 € brutto
```

शेवटची ओळ बघा. जर्मन लोक हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे हे तीन हजार चारशे युरो, तेही कर आणि विमा कापायच्या आधीचे. तिच्या वरच्या ओळीत भाषेची अट आहे: जर्मन किमान B1 पातळीचं. कंसातली तीन अक्षरं म्हणजे पुरुष, स्त्री, इतर: जागा सगळ्यांना खुली आहे. ती पदवी समजून पात्रतेत घालू नका.

आता पात्रता. इथे माझा एकच नियम आहे: परदेशी पात्रतेचा मूळ शब्द काढून त्या जागी आपला शब्द बसवायचा नाही. मूळ शब्द देवनागरीत ठेवायचा आणि शेजारी एक-दोन वाक्यांत तो काय आहे ते लिहायचं. कारण शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही गोष्टी एकच.

पहिल्या ओळीतला शब्द आहे बेरूफ्सआउसबिल्डुंग. अ‍ॅपने त्याचं 'शिक्षण' केलं आणि मुलगा फसला. ते शाळा-कॉलेजचं शिक्षण नव्हे. तो एका ठरावीक व्यवसायाचा प्रशिक्षणक्रम असतो. शिकणारा कंपनीशी करार करतो, आठवड्यातले बरेचसे दिवस तिथं पगारावर काम शिकतो, उरलेले दिवस व्यवसाय शाळेत जातो आणि शेवटी उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा देतो. त्सेरश्पानुंग्समेखानिकर म्हणजे धातू कापून, कातून भाग घडवणारा कारागीर, आपल्याकडचा टर्नर किंवा मशिनिस्ट. त्याचा हा क्रम साडेतीन वर्षांचा. आपला आयटीआय टर्नर दोन वर्षांचा, बहुतेक संस्थेतच होणारा. काम एकच, पण मुदत आणि शिकण्याची रीत वेगळी. म्हणून मी लिहिलं: 'या व्यवसायाचं साडेतीन वर्षांचं जर्मन प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं, किंवा त्याच्याशी तुलना होऊ शकेल अशी पात्रता.'

दुसरा अर्धा भाग सोडू नका. 'किंवा तुलना होऊ शकेल अशी' हीच ओळ आपल्या मुलांसाठी दार उघडं ठेवते. तुलना कोण करतं? अशा औद्योगिक व्यवसायांसाठी न्यूरेनबर्गमधलं IHK FOSA हे कार्यालय. तिथून पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा नकार येतो. अंशतः आली तर काय कमी पडलं ते लिहून मिळतं, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवला तर काही कमतरता त्यात भरूनही निघते. विद्यापीठाच्या पदव्या तपासायची anabin ही यादी पुष्कळांना माहीत असते. आयटीआयसाठी तिच्यात डोकं खुपसून बसू नका.

कंपनीची अट आणि व्हिसाची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषांतराच्या खाली मी वेगळं लिहून देतो. मार्च २०२४ पासून जर्मनीत एक वाट अशीही आहे: आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव, आणि दरवर्षी बदलणाऱ्या मर्यादेइतका पगार. मग ज्या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही, त्यात जर्मन मान्यताही लागत नाही. दोन वर्षांचा टर्नर या मापात बसतो, एक वर्षाचा ट्रेड बसत नाही.

'तंत्रज्ञ किंवा मास्टर' ही ओळ तर फारच घोळ घालते. इथं टेक्निकर म्हणजे कुठलाही टेक्निशियन नव्हे. प्रशिक्षण आणि काही वर्षांचा अनुभव झाल्यावर घ्यायची ती वरची सरकारी पात्रता आहे. माइस्टर हीसुद्धा तशीच, परीक्षा देऊन मिळवलेली. त्यापुढचे शब्द म्हणजे 'असल्यास चांगलं', सक्ती नव्हे. म्हणून ही ओळ भाषांतरात मी अटींमधून काढून खाली वेगळी लिहिली. याच जातीचा आणखी एक चकवा म्हणजे डिप्लोम. आपला डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, तर जर्मन डिप्लोम ही विद्यापीठाची जुनी, चार-पाच वर्षांची पदवी. आणि होखशूल ऐकून हायस्कूल समजू नका, ती उच्चशिक्षण संस्था असते.

राहिला अनुभव. 'मेअरयेरिगे' म्हणजे अनेक वर्षांचा, त्यात आकडा नाही. भाषांतरात 'तीन वर्षे' असं आपण घालायचं नाही, कंपनीला ईमेल करून विचारायचं. पण एक गोष्ट धरून चाला: अनुभव म्हणजे पात्रता मिळाल्यानंतर त्याच व्यवसायात केलेलं काम. आयटीआयच्या आधी हेल्पर म्हणून काढलेली दोन वर्षं त्यात धरू नका.

त्या मुलाचं मालकाने दिलेलं पत्र मी वाचलं. लेटरहेडवर तीन ओळी: 'सदर इसम आमचेकडे काम करत असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' वर्तणुकीचं जर्मन कंपनीने काय करायचं? तिथं हवं होतं ते हे: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कुठली मशीन आणि तिचा कंट्रोलर, कुठल्या धातूचे भाग, प्रोग्रॅम स्वतः करतो की दुसऱ्याने केलेला चालवतो, आणि मोजमापासाठी काय वापरतो. मालक चांगला माणूस निघाला. म्हणाला, "तुम्ही लिहून द्या, मी सही करतो." मी म्हटलं, मी लिहून देणार नाही, पण काय काय हवं ते कागदावर देतो. दुसऱ्या खेपेला आलेल्या पत्रात तारखा होत्या, मशीन होती, मायक्रोमीटरही होता. तासांचा पत्ता नव्हता. मुलगा परत शिरोलीला गेला.