शोरूमला जाण्याआधी पाठ करायचा आकडा: पावणेएकवीस

गाडीच्या कर्जाची बोलणी करायला जाणार असाल, तर आदल्या रात्री कागदपत्रांच्या फाइलबरोबर एक आकडाही तयार ठेवा: पावणेएकवीस. व्याज नऊ टक्के, मुदत पाच वर्षे, तर कर्जाच्या दर हजार रुपयांमागे महिन्याला २०.७५ रुपये हप्ता बसतो. काटेकोर हिशेबात तो २०.७६ येतो, पण त्या एका पैशासाठी कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. फायनान्सवाला लॅपटॉप स्वतःकडे वळवून आकडे भरत असतो तेवढ्या वेळात आपला अंदाज मनात तयार हवा, एवढंच काम आहे.

पाच वर्षांच्या मुदतीला एक सोय फार छान आहे. व्याजदर अर्ध्या टक्क्याने हलला की हजारी हप्ता पाव रुपयाने हलतो. नऊला पावणेएकवीस, म्हणून साडेनऊला एकवीस, दहाला सव्वाएकवीस, साडेदहाला साडेएकवीस, अकराला पावणेबावीस. खाली उतरायचं असेल तर साडेआठला साडेवीस, आठला सव्वावीस. आठ ते बारा टक्क्यांच्या पट्ट्यात, साडेसात लाखांच्या कर्जावर, हा अंदाज खऱ्या हप्त्यापासून वीस रुपयांहून जास्त चुकत नाही. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली आहे त्यांना तर हे घरचंच.

पाव का, हेही समजून घ्या, म्हणजे आकडा विसरला तरी उभा करता येईल. हजारावर वर्षाला एक टक्का म्हणजे दहा रुपये, महिन्याला ८३ पैसे. पण मुद्दल दरमहा कमी होत जाते, पाच वर्षांत सरासरीने साधारण निम्मीच बाकी राहते. म्हणून एक टक्क्याचा खरा भार ८३ पैशांच्या निम्म्याहून थोडा जास्त, ४९ पैशांच्या आसपास पडतो. थोडा जास्त अशासाठी की सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि मुद्दल सावकाश उतरते. हे ८३ आणि ४९ पैसे लक्षात असू द्या, फ्लॅट व्याजाचा विषय निघाला की दोन्ही लागतील.

बाकीच्या मुदतींचे आकडे नऊ टक्क्यांना असे: तीन वर्षांना ३१.८०, चार वर्षांना २४.९०, सहाला १८, सातला १६.१०. त्यांनाही 'एक टक्क्याला अर्धा रुपया' हाच नियम चालवा. चांगल्या दरांत तो पुरतो. जुन्या गाडीचं कर्ज चौदा-पंधरा टक्क्यांनी आणि सात वर्षांसाठी मिळत असेल, तर मात्र अंदाज हजारी पंधरा-वीस पैशांनी कमी येतो, तेवढी भर मनाने घाला. घराच्या कर्जाला हे आकडे लावूच नका. तिथे वीस वर्षांना नऊ टक्क्यांनी हजारी बरोबर नऊ रुपये येतात आणि एक टक्क्याचा फरक ६५ पैशांच्या आसपास असतो.

आता कर्जाची रक्कम हजारांत बोलायची सवय लावून घ्या. साडेसात लाख म्हणजे ७५० हजार. साडेनऊ टक्के, पाच वर्षे, हजारी एकवीस. ७५० गुणिले २१, म्हणजे १५,०००मध्ये ७५० मिळवा: १५,७५०. अपूर्णांक आला तरी घाबरायचं नाही. ६,८०,००० दहा टक्क्यांनी घ्यायचे असतील तर ६८० गुणिले २१ म्हणजे १४,२८०, त्यात ६८०ची पावकी १७०. झाले १४,४५०. बँकेच्या संगणकावर १४,४४८ दिसेल. लाखाच्या भाषेत बोलणाऱ्यांनी दोन शून्यं वाढवावीत: हजारी २१ म्हणजे लाखाला २,१०० रुपये.

निघण्यापूर्वी हाच हिशेब एकदा उलटा करा. बहुतेक जण तो करत नाहीत, आणि माझ्या मते तोच आधी करायला हवा. घरखर्च आणि चालू हप्ते वजा जाता महिन्याला १५,००० सुटतात असं धरू. १५,००० भागिले २१ म्हणजे सुमारे ७१४, म्हणजेच ७,१४,००० रुपयांपर्यंतचं कर्ज झेपेल. आवडलेल्या गाडीची ऑन-रोड किंमत ९,८०,००० असेल, तर डाउन पेमेंट २,६६,००० लागेल. हातात २,३०,०००च असतील, तर कर्ज साडेसात लाखांचं होतं आणि हप्ता मर्यादेपेक्षा साडेसातशेने वर जातो. हे घरी बसून कळलं, तर खालचं मॉडेल पाहता येतं किंवा डिलिव्हरी दोन महिने पुढे ढकलता येते. पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून सगळे खोळंबले असताना ते सुचत नाही.

टेबलावर बसल्यावर पहिला प्रश्न हप्त्याचा विचारू नका. कर्जाची रक्कम, दर आणि महिने, हे तीन आकडे आधी वदवून घ्या, मनात अंदाज करा आणि मगच हप्ता ऐका. समजा, उत्तर आलं, "साडेसात लाख, साडेनऊ टक्के, साठ महिने. हप्ता फक्त सोळा हजार दोनशे पंच्याहत्तर, सर." तुमच्या मनात १५,७५० आहेत. फरक ५२५ रुपयांचा, म्हणजे राउंडिंगचा नक्कीच नाही.

इथे दोन भागाकार करायचे. ५२५ला ७५०ने भागा: हजारी ७० पैसे. अर्ध्या रुपयाला एक टक्का या मापाने दर जवळजवळ दीड टक्का जास्त लागलाय, म्हणजे सांगितला साडेनऊ आणि लावला अकराच्या जवळचा, असं असू शकतं. आता ५२५ला २१ने भागा: बरोबर २५. म्हणजे दर तोच आहे, पण कर्ज साडेसात लाखांचं नसून ७,७५,०००चं आहे. भागाकार असा गोल आकड्यावर येऊन थांबला, की दुसरी शक्यता जास्त. विचारा, "यात पंचवीस हजारांचं काय धरलंय?" उत्तर बहुधा कर्ज सुरक्षा विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीजचं पॅकेज किंवा प्रोसेसिंग फी यांपैकी काहीतरी असतं. यातलं काही हवं असेल तर जरूर घ्या, पण ते रोखीने घ्यायचं की कर्जात घालायचं हे तुम्ही ठरवा. कर्जात घातलेल्या पंचवीस हजारांचे साठ महिन्यांत ३१,५०० होतात.

दुसरी खोच फ्लॅट दराची. दुचाकी आणि जुन्या गाड्यांच्या कर्जात "साडेपाच टक्के फक्त" ऐकलं की कान टवकारा आणि विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅटमध्ये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ रकमेवरच मोजतात, म्हणून एक टक्क्याचे पूर्ण ८३ पैसे पडतात, ४९ नव्हे. हिशेब सोपा आहे. हजारावर साडेपाच टक्क्यांनी वर्षाला ५५, पाच वर्षांचे २७५. एकूण १,२७५, भागिले ६० महिने: हजारी सव्वाएकवीस. हा आकडा ओळखीचा वाटला? रिड्यूसिंग दहा टक्क्यांचा तोच आहे. म्हणजे शेजारच्या बँकेतलं साडेनऊ टक्क्यांचं कर्ज या साडेपाचपेक्षा स्वस्त आहे, साडेसात लाखांवर महिन्याला १८७ रुपयांनी. दर कुठल्याही भाषेत सांगोत, हप्त्याला कर्जाच्या हजारांनी भागून हजारी आकडा काढायचा आणि आपल्या यादीत शोधायचा. 'स्पेशल ऑफर' आणि 'फेस्टिव्हल रेट' असल्या नावांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

हप्ता जड वाटतोय असं चेहऱ्यावर दिसलं की समोरून मुदत वाढवण्याचा प्रस्ताव येतोच. सात वर्षांना साडेनऊ टक्क्यांनी हजारी १६.३५, म्हणजे साडेसात लाखांना साधारण १२,२५०. पंधरा हजार सातशे पन्नासवरून इतकं खाली आलेलं बघून बरं वाटतं. लगेच हजारी आकड्याला महिन्यांनी गुणा. पाच वर्षांत २१ गुणिले ६०, म्हणजे १,२६०: हजारामागे व्याज २६०. सात वर्षांत १६.३५ गुणिले ८४, म्हणजे साधारण १,३७३: हजारामागे व्याज ३७३. साडेसात लाखांवर हा फरक जवळपास ८५,००० रुपयांचा. माझं मत स्पष्ट आहे: गाडीची किंमत पहिल्या वर्षापासूनच उतरत असते, तिच्यासाठी सात वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नये. सहा वर्षांचा अठरा-सव्वाअठरा हा मधला रस्ता एक वेळ चालेल.

शेवटी सही करण्यापूर्वी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं पत्रक हातात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात कर्जाची रक्कम, हप्ता आणि एपीआर, म्हणजे फी व विम्यासारखे खर्च धरून पडणारा वर्षाचा दर, लिहिलेला असतो. त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मुदतीत कधीही लावता येत नाही. सांगितलेल्या दरात आणि एपीआरमध्ये थोडा फरक प्रोसेसिंग फीमुळे पडतोच, पण तो टक्काभर निघाला तर मघाचे दोन भागाकार पुन्हा करा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हे पत्रक निदान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य असतं. तेव्हा "आजच सही केली तरच हा रेट" असं कुणी म्हणालं, तर पत्रक घडी घालून खिशात ठेवा, घरी जा आणि दुसऱ्या एका बँकेचा हजारी आकडा काढून या.