रेकमेंडेशन लेटर मागताय? या चुका टाळा

"सर, एलओआर पाहिजे होतं, परवा लास्ट डेट आहे." असा मेसेज डिसेंबरात आला की सर नाही म्हणत नाहीत हो, पण समोर पेपरांचे गठ्ठे असतात, मग 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' छापाचं चार ओळींचं लेटर निघतं, जे वर्गातल्या कुणालाही चालेल.

अमेरिकेतल्या एमएसच्या बऱ्याच डेडलाईन १ किंवा १५ डिसेंबरच्या असतात. सहा आठवडे आधी विचारायचं असा सर्वसाधारण हिशोब, पण १५ डिसेंबरपासून सहा आठवडे मागे गेलात तर नोव्हेंबरची सुरुवात येते, म्हणजे परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. गणपतीत तर आपल्याकडे विचारायचीच सोय नाही. त्यामुळे गणपती आटोपले की लगेच भेटून विचारा आणि ऑक्टोबर लागताच सगळे कागद एकाच मेलवर द्या.

दुसरी चूक, नुसती मार्कशीट आणि सीव्ही पाठवणं. मार्क तर युनिव्हर्सिटीला तसेही दिसतातच! समजा रत्नागिरीच्या झूऑलॉजीच्या एका मुलीचं भाट्याच्या खाडीतल्या प्लँक्टनवर प्रोजेक्ट होतं. "मी तुमच्याकडे प्रोजेक्ट केलं, ए ग्रेड मिळाली" यातून सरांना काही आठवणार नाही. त्यापेक्षा असं लिहा: "पावसात होडी बंद होती तेव्हा मी पुलावरून बादली सोडून सॅम्पल घेतले, जुलैत सॅलिनिटी एकदम पडली म्हणून तुम्ही मीटर परत कॅलिब्रेट करायला लावलात, तरी रीडिंग तेच आलं." आता सरांकडे लिहायला काहीतरी आहे. असे दोन-तीन प्रसंग, तुमची बॅच, एसओपीचा, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधाचा कच्चा ड्राफ्ट आणि एका पानावर युनिव्हर्सिटी, कोर्स, डेडलाईन, लेटर कुठे अपलोड करायचं ते, एवढं पुरे. एचओडींची सही भारदस्त दिसते म्हणून त्यांच्याकडे धावू नका, ज्यांनी तुमचं काम बघितलंय त्यांनाच विचारा.

तिसरी भानगड युनिव्हर्सिटीच्या पोर्टलची, तिथल्या फॉर्ममध्ये सरांचा ईमेल टाकला की लेटर अपलोड करायची लिंक त्यांना जाते. सरांनी हो म्हणायच्या आधीच त्यांचा ईमेल फॉर्ममध्ये टाकू नका. कॉलेजचा ऑफिशियल ईमेल असेल तर तो बरा, पण सर तो उघडतात का ते विचारून घ्या. पाच युनिव्हर्सिट्या म्हणजे बहुतेक पाच वेगळ्या लिंका येणार. "लिंक आली नाही" म्हणाले तर आधी फॉर्ममधलं ईमेलचं स्पेलिंग बघा, मग सरांना स्पॅम बघायला सांगा, तिथेही नसेल तर पोर्टलमधून रिमाइंडर परत पाठवा.

त्याच फॉर्ममध्ये लेटर बघायचा हक्क सोडता का असं विचारतात, तिथे हो करा, कारण विद्यार्थ्याला बघता येणाऱ्या लेटरवर कमिटीचा विश्वास कमी बसतो. आणि एकदा हो केलंत की नंतर सरांकडे "एक कॉपी द्या ना" करत बसू नका.