निवृत्तीला किती पैसे लागतील? पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब

निवृत्तीचा हिशेब आजच्या खर्चावर केला की आकडा फसवा निघतो. सोलापुरात टॉवेल कारखान्यात हिशेबनीस असलेल्या, छत्तीस वर्षांच्या माणसाचं उदाहरण घेऊ.

१. ६० वजा ३६, हातात २४ वर्षं.
२. घरखर्च महिना २०,००० रुपये. मुलांची फी, घराचा हप्ता यात धरू नका, तेव्हा ते संपलेले असतील.
३. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं की खर्च दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे दर १२ वर्षांनी खर्च दुप्पट. २४ वर्षांत दोनदा: ८०,०००.
४. वर्षाचे ९.६ लाख. पंच्याऐंशीपर्यंत २५ वर्षं धरून गुणा: २.४ कोटी. दचकू नका, आजच्या पैशांत हे ६० लाखच.

यात निवृत्तीनंतर साठलेल्या पैशांवर मिळणारं व्याज महागाईइतकंच धरलंय. दवाखान्याची रक्कम मात्र वेगळी ठेवा, ती ६ टक्क्यांत मावत नाही.