काळे केस रंगवायचे असतील तर आधी शेंड्याची बट कापा

मागच्या वेळी मी बरंच काही नीट केलं होतं. शेडकार्ड पाहिलं, कानामागे ॲलर्जीची चाचणी केली, जुना टॉवेलही काढून ठेवला. फक्त केसांची एक बट कापून तिच्यावर आधी रंग लावून पाहिला नाही. दोन वर्षं दर दीड महिन्याला मेहंदी लावत होते, ती नंतर थांबवली, आणि केस काळेच दिसतात म्हणून विसरून गेले. रंग लावल्यावर मुळांशी चार बोटं तांबूस झाली आणि खालचे केस होते तसेच काळपट राहिले. ते एकसारखे करायला ब्लीच केलं, तर शेंडे गाजरासारखे झाले. चुलतबहिणीचं लग्न आठ दिवसांवर होतं.

म्हणून पहिलं काम बटेचं. मानेजवळच्या आतल्या थरातून दोन अगदी बारीक बटा घ्या, एक शेंड्याची आणि एक मुळाजवळची. शेंड्याची का, तर गेल्या काही वर्षांत जे जे लावलं ते तिथे साठलेलं असतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसांच्या टोकाला दोन-तीन वर्षांपूर्वीची मेहंदी अजून आहे. दोन्ही बटा दोऱ्याने बांधून काचेच्या वाटीत ठेवा आणि जो रंग आणि त्यात मिसळायचा जो डेव्हलपर वापरणार तोच लावा, पाकिटावर दिलेला पूर्ण वेळ. ब्लीच करायचं असेल तर वेगळ्या बटेवर तेही. मग धुऊन, पूर्ण वाळवून खिडकीशी बघा, कारण ओली बट गडद दिसते. काही तयार काळ्या मेहंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. वाटी गरम झाली किंवा जास्त फेस आला, तर ते मिश्रण डोक्याला लावायचंच नाही. पार्लरवाली म्हणाली की बघायची गरज नाही, तरी बट बघा.

आता शेड. कार्डावरचे झुपके कृत्रिम धाग्यांचे असतात, त्यावरून काळ्या केसांचा अंदाज येत नाही. शेडच्या आकड्यातला पहिला अंक गडदपणाचा असतो: 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे सर्वांत फिकट. आपले केस बहुधा 1 ते 3 मध्ये येतात. 20 व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, नैसर्गिक केस साधारण एक-दोन पायऱ्या उजळवतो. ब्लीच न करता 4, फार तर 5 इथवरच पोहोचाल. काळा केस उघडला की आतून आधी लाल, मग नारिंगी छटा येते, म्हणून कार्डावरची राखाडी झाक डोक्यावर तपकिरी होऊन बसते. आणि रंगाने जुना रंग उजळत नाही. मेहंदीच्या भागावर तुमची फिकट शेड दिसणारच नाही, हे तुम्हाला बटच दाखवेल.

त्वचेचं बघायचं तर दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता, गळ्याशी पांढरी ओढणी धरून. चेहरा पिवळसर दिसला तर चेस्टनट, तांबूस, सोनेरी चॉकलेटी; गुलाबी किंवा निळसर दिसला तर महॉगनी, बरगंडी. पण झाकेपेक्षा मी गडदपणाला जास्त महत्त्व देते. भुवया काळ्याच राहणार, त्यांच्यापासून केस फार लांब गेले की चेहऱ्याशी जुळत नाहीत.

यावेळी मी आधी 5 ची महॉगनी दोन्ही बटांवर लावली: मुळाजवळची तांबूस झाली, शेंड्याची हलली नाही. मग ताज्या बटांवर 4 ची लावली, दोन्ही जवळपास एक दिसल्या, शेंड्याला फक्त उन्हात लालसर चमक. 4 घेतली. मनात 5 होती, पण पाच-सहा आठवड्यांनी काळी मुळं दिसू लागली असती आणि दर वेळी टचअप. 4 मध्ये ती रेघ फारशी जाणवत नाही. महिन्या-दीड महिन्याला वेळ काढता येत नसेल तर सगळे केस रंगवू नका, मुळांपासून लांब काही बटा उजळवून घ्या. तिथे ब्लीच लागतं, तेव्हा पुन्हा आधी कापलेली बट.

बाकीचं पटपट. ॲलर्जीची चाचणी 48 तास आधी, पूर्वी काही झालं नसलं तरी. खाज, सूज आली तर रंग रद्द. लांबीवर आधी लावा, मुळांना शेवटी, कारण टाळूच्या उबेने मुळं लवकर उजळतात. लाल छटा सगळ्यात लवकर उतरते, बरगंडी घेणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. सल्फेट नसलेला शाम्पू, पाणी कोमट. समारंभाच्या किमान तीन आठवडे आधी रंगवा. आणि बट त्याच्याही आठवडाभर आधी, म्हणजे शेड बदलायला वेळ उरतो.