केमोनंतर आलेल्या केसांना कलर कधी लावायचा?

माझ्या मावशीची केमो संपून चार महिने झालेले, केस बोटाच्या पेराएवढे, पांढरे आणि मऊ, अन् घरात लग्न, त्यामुळं राजारामपुरीतनं कलरचं पाकीट आणून ठेवलेलं. डॉक्टर म्हणाले सहा महिने तरी थांबा, मग लग्नात तशाच मिरवल्या, छान दिसत होत्या ओ!

सहा महिने झाले तरी आधी एवढं बघा:

१. उजेडात भांग पाडून टाळू बघायची. लाली, कोंड्यासारखी सालं, पुळ्या, खाज, किंवा शाम्पू लावल्यावर चुरचुर, यातलं काहीही असलं तर थांबायचं.

२. केस निदान इंचभर पाहिजेत, नाहीतर सगळा कलर टाळूवरच बसतो.

३. मागच्या बाजूची बारीक बट कापून दोऱ्यानं बांधा, पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ कलर लावून धुवा. ओली बट हलकी ओढून बघायची, तुटली किंवा च्युइंगमसारखी ताणली तर केस अजून कच्चे आहेत. मावशीच्या बटेवर ब्राऊनचा पार काळाकुट्ट झाला, म्हणून मग एक शेड फिकी घेतली.

४. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर कलर लावून ४८ तास वाट बघा. आधी वर्षानुवर्षं तोच कलर लावत असला तरीपण, कारण केमोनंतर कातडी वेगळं वागू शकते.

आणि ती झटपट रंगणारी काळी मेहंदी नकोच, त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केमिकल असतं, त्यानं टाळू भाजल्यागत होऊ शकते. गोळ्या किंवा रेडिएशन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.